कॅन्टीनच्या खिडकीसाठी सहा नियम

जून उजाडला, शाळा सुरू झाल्या की मुख्याध्यापकांच्या टेबलावर पालकांची पत्रं येऊ लागतात. बसची वेळ, दप्तराचं ओझं आणि हमखास एक कॅन्टीनबद्दल. कॅन्टीनच्या पत्रातला मजकूर बहुतेक ठरलेला असतो: ‘जंक फूड बंद करावं आणि पौष्टिक पदार्थ ठेवावेत, ही नम्र विनंती.’ मुख्याध्यापक ते वाचतात, त्यांना ते पटतंही. कॅन्टीनवाल्याला बोलावून ‘जरा लक्ष द्या’ असं सांगितलं जातं. आठवडाभर काउंटरवर केळ्यांची फणी दिसते, मग ती काळी पडते आणि चिप्सच्या माळा पुन्हा जागेवर लटकतात.

यात कुणाची लबाडी असतेच असं नाही. ‘जंक’ म्हणजे नेमकं काय, हे पत्रात लिहिलेलं नसतं. समोसा त्यात येतो का? बिस्किटं येतात का? मल्टिग्रेन लिहिलेली असली तर? बंद केलेल्या मालाच्या जागी काय विकायचं, त्यातून कॅन्टीनवाल्याला चार पैसे कसे सुटायचे आणि हे सगळं तपासायचं कुणी, याबद्दलही पत्र गप्प असतं. मुख्याध्यापकांना अंमलात आणता येईल असं त्यात काहीच नसतं.

म्हणून इथे तसं एक पत्र नमुन्यादाखल देत आहे, आणि त्यातला प्रत्येक नियम तसाच का लिहिला आहे, हे त्यापुढे. शाळा काल्पनिक आहे: तालुक्याच्या गावची, एका सुटीत सहाशे मुलं बाहेर पडणारी, दोन खिडक्यांचं कॅन्टीन असलेली. आपापल्या शाळेप्रमाणे आकडे बदलून घ्यावेत.

कायदा पालकांच्या बाजूने आहे, पण अर्धाच

पत्र लिहिण्याआधी एक गोष्ट माहीत असायला हवी. आपण मागतो आहोत ती सवलत नाही, तो आधीपासूनच नियम आहे. दिल्लीतल्या उदय फाउंडेशन या संस्थेने शाळांमधल्या खाण्याबद्दल २०१० मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात जनहित याचिका केली होती. न्यायालयाने २०१५ मध्ये त्यावर निर्णय दिला आणि अन्न सुरक्षा प्राधिकरणाला, म्हणजे ज्याला सगळे एफएसएसएआय म्हणतात त्याला, याबाबत पावलं उचलायला सांगितलं. त्यातून पुढे ४ सप्टेंबर २०२० रोजी शाळकरी मुलांच्या सुरक्षित आणि समतोल आहाराचे नियम राजपत्रात आले आणि १ जुलै २०२१ पासून लागू झाले. संपृक्त चरबी, ट्रान्स फॅट, वरून घातलेली साखर किंवा सोडियम ज्यात जास्त आहे, असे पदार्थ शाळेच्या कॅन्टीनमध्ये, मेसमध्ये, वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात आणि शाळेच्या फाटकापासून कोणत्याही दिशेला ५० मीटरच्या आत मुलांना विकता येत नाहीत. त्यांची जाहिरातही तिथे करता येत नाही. महाराष्ट्राच्या शालेय शिक्षण विभागाने तर त्याच्याही आधी, मे २०१७ मध्ये, शासन निर्णय काढून चिप्स, शीतपेयं, पिझ्झा, बर्गर, पेस्ट्री अशा पदार्थांना शाळेच्या उपाहारगृहात मनाई केली होती आणि त्यांच्याऐवजी खिचडी, उपमा, इडली यांसारखे पदार्थ सुचवले होते.

इतकं असूनही खिडकीवर फारसा फरक पडत नाही. ‘जास्त’ हा शब्द कायद्यात आहे, पण कॅन्टीनच्या काउंटरवर उभं राहून हातातल्या पाकिटाला तो लावायचा कसा, हे एखाद्या शिक्षकाला त्यावरून ठरवता येत नाही. दुसरीकडे, यादी केली तर यादीबाहेरचा माल येतो. पिझ्झा बंद म्हटलं की ‘चीझ टोस्ट’ सुरू होतो. शाळेने स्वतःपुरती एक मोजपट्टी ठरवली, तरच मधली ही जागा भरून निघते. पत्राचं काम ती मोजपट्टी सुचवण्याचं आहे.

पत्र

मा. मुख्याध्यापिका महोदया,
सप्रेम नमस्कार.

माझी मुलगी आपल्या शाळेत सहावीत शिकते. कॅन्टीनमध्ये विकल्या जाणाऱ्या खाऊबद्दल सहा नियम सुचवण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. २०२० च्या केंद्रीय नियमांची प्रत सोबत जोडली आहे. पालक-शिक्षक संघाच्या पुढच्या बैठकीत यावर चर्चा व्हावी आणि दिवाळीच्या सुटीपर्यंत हे नियम प्रायोगिक म्हणून लागू करावेत, अशी विनंती आहे.

१. पेयांमध्ये पाणी, ताक, साधं दूध आणि शहाळं एवढंच असावं. साखर घातलेलं कोणतंही पेय नसावं. बाटलीतलं, खोक्यातलं किंवा कॅन्टीनमध्ये बनवलेलं.

२. पाकिटावरच्या तक्त्यात दर १०० ग्रॅमला साखर २२.५ ग्रॅमपेक्षा जास्त, संपृक्त चरबी ५ ग्रॅमपेक्षा जास्त किंवा सोडियम ६०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त, यांपैकी एकही गोष्ट आढळली तर ते पाकीट विकू नये. नुसते दाणे, फुटाणे, दूध आणि फळं यांना ही अट लावू नये.

३. तळलेला पदार्थ आठवड्यातून दोनच दिवस आणि त्या दिवशी एकच असावा. कढईतलं तेल त्याच दिवशी बाजूला काढावं. दुसऱ्या दिवशी त्यात नवं तेल ओतून ते वापरू नये.

४. रोज एक गरम पदार्थ आणि एक अख्खं फळ मिळावं. गरम पदार्थाची कुपनं आदल्या दिवशी वर्गात द्यावीत.

५. कॅन्टीनचालकाचा एफएसएसएआयचा चौदा आकडी नंबर खिडकीवर लावावा. खाऊ वर्तमानपत्राच्या कागदात देऊ नये. शिजवलेला पदार्थ दोन तासांहून जास्त वेळ नुसता बाहेर ठेवू नये.

६. दोन पालक, एक शिक्षक आणि नववीचे दोन विद्यार्थी यांनी महिन्यातून एकदा, न सांगता, पाहणी करावी आणि वहीत नोंद ठेवावी.

या बदलांमुळे कॅन्टीनचालकांचं नुकसान होऊ नये, असं मला मनापासून वाटतं. पुढचा करार करताना फक्त जास्तीत जास्त भाड्याचा विचार न करता मेनूलाही गुण द्यावेत, ही आणखी एक सूचना. कुपनांचं काम आणि पहिल्या सहामाहीतली पाहणी यासाठी मी वेळ द्यायला तयार आहे.

आपल्या लेखी उत्तराच्या प्रतीक्षेत,
आपली विश्वासू,
एक पालक

पेयांसाठी वेगळा नियम का?

दुसऱ्या नियमातले आकडे ब्रिटनमधल्या पाकिटांवर लाल, पिवळे, हिरवे ठिपके छापतात त्या पद्धतीतले आहेत. दर १०० ग्रॅमला इतक्यापेक्षा जास्त असेल तर तिथे लाल ठिपका मिळतो. (तिथे मीठ दीड ग्रॅम असं मोजतात, सोडियमला अडीचने गुणलं की मीठ मिळतं, म्हणून आपल्या पाकिटांसाठी ते ६०० मिलिग्रॅम सोडियम.) ही पट्टी तयार आहे आणि तिच्यासाठी लागणारे सगळे आकडे भारतीय पाकिटांवर छापलेले असतात, म्हणून ती सोयीची.

पण तीच पद्धत पेयांना लावली तर गंमत होते. नुसत्या दर १०० मिलिलिटरच्या हिशेबाने पेयात साखर ११.२५ ग्रॅमच्या वर गेली तरच लाल ठिपका पडतो. साध्या कोलामध्ये ती साधारण साडेदहा-अकरा ग्रॅम असते, म्हणजे या हिशेबाने कोला पिवळ्यावर सुटतो! म्हणून पेयांना पट्टी न लावता सरळ ‘घातलेली साखर नको’ म्हणणं बरं. अडीचशे मिलिलिटरच्या बाटलीत साधारण २६ ग्रॅम साखर पोटात जाते, म्हणजे पाच सपाट चहाचे चमचे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सांगितलेली मर्यादा अशी: दिवसभराच्या उष्मांकांपैकी साखरेचा वाटा दहा टक्क्यांच्या आत असावा, आणि पाच टक्क्यांच्या आत आला तर अधिक चांगलं. दिवसाला दोन हजार उष्मांक धरले तर पाच टक्के म्हणजे २५ ग्रॅम. सहावीतल्या मुलाची ती मर्यादा एका बाटलीत संपते. घरचं सकाळचं गोड दूध आणि संध्याकाळचं बिस्कीट अजून हिशेबात आलेलंच नाही.

खोक्यातल्या आंब्याच्या किंवा लिचीच्या पेयाकडे पालक जरा मायेने बघतात, कारण वर फळाचं चित्र असतं. मागची बाजू वाचली की फळाचा रस किती टक्के ते कळतं, आणि साखर कोलाच्या आसपास किंवा थोडी वरच दिसते. कॅन्टीनमध्ये केलेलं कोकम किंवा लिंबू सरबत तर बिनलेबलचं. त्यात साखर किती हे घालणाऱ्याच्या हातावर. म्हणून नियमात ‘कॅन्टीनमध्ये बनवलेलं’ हे शब्द मुद्दाम आहेत. ताकात जिरं, मीठ, कोथिंबीर चालेल. साखर नको.

सीबीएसईने मे २०२५ मध्ये आपल्या शाळांना ‘शुगर बोर्ड’ लावायला सांगितलं: कोणत्या पेयात आणि खाऊत किती साखर आहे ते दाखवणारे फलक. फलक चांगलाच, पण फलकाच्या शेजारीच फ्रिज भरलेला असेल तर मुलं फ्रिजकडे वळणार. आधी फ्रिजमधला माल बदलावा, फलक मग लावावा.

पाकीट उलटं करून बघताना

समजा, पाहणीच्या दिवशी समितीच्या हातात तीन पाकिटं आली. पहिलं मसाला वेफर्सचं. तक्त्यात १०० ग्रॅमला साखर ३ ग्रॅम, संपृक्त चरबी १३ ग्रॅम, सोडियम ७०० मिलिग्रॅम. साखरेत पास, पण बाकी दोन्हींत नापास. दुसरं क्रीम बिस्किटाचं: साखर ३५, संपृक्त चरबी ९. नापास. तिसरं मल्टिग्रेन बिस्किटाचं, वर गव्हाच्या लोंब्या आणि हिरवा रंग: साखर १८, सोडियम ४००, दोन्ही मर्यादेत. मात्र संपृक्त चरबी ९ ग्रॅम. तेही नापास. घटकांची यादी वाचली की कारण समजतं. ही यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापायची असते. पहिल्या तीन नावांत ‘रिफाइंड व्हीट फ्लोअर’ म्हणजे मैदा, साखर आणि पाम तेल दिसलं, तर नाचणी आणि ओट्स शेवटून दुसऱ्या ओळीत किती टक्के आहेत याला फारसा अर्थ उरत नाही.

इथे कॅन्टीनचालक एक रास्त मुद्दा काढील. ‘मुलं कुठं शंभर ग्रॅम खातात? पाकीट तीस ग्रॅमचं.’ खरं आहे. तीस ग्रॅम वेफर्समधून २१० मिलिग्रॅम सोडियम जातं, म्हणजे जेमतेम अर्धा ग्रॅम मीठ. एका पाकिटाने कुणाचं काही बिघडत नाही. पण शाळेला एका पाकिटाचा हिशेब करायचा नाहीये. वर्षातले दोनशेहून जास्त दिवस त्या खिडकीवर काय असतं, त्याचा हिशेब करायचा आहे. शंभर ग्रॅमची पट्टी पदार्थाची जात सांगते, पाकिटाचा आकार लहान करून ती चुकवता येत नाही.

पण ही पट्टी काही ठिकाणी उलटा निकाल देते, तेही ठाऊक असावं. नुसत्या भाजलेल्या शेंगदाण्यात दर १०० ग्रॅमला संपृक्त चरबी सात ग्रॅमच्या आसपास असते, त्यामुळे आंधळेपणाने लावली तर दाणेही नापास होतील. दाण्यात प्रथिनं असतात, बाकीची चरबी चांगल्या प्रकारची असते, म्हणून नियमात त्यांना वगळलं आहे. (शेंगदाण्याची ॲलर्जी असलेलं मूल शाळेत असेल तर ती बाब वर्गशिक्षकांकडे नोंदलेली असायलाच हवी.) चिक्कीचं प्रकरण मधलं. दाणे चांगले, पण वजनाचा जवळजवळ निम्मा भाग गुळाचा. वीस ग्रॅमच्या वडीतून दहा ग्रॅम गूळ जातो. गूळ साखरेपेक्षा सात्त्विक मानला जातो, पण साखरेच्या हिशेबात तो साखरच. चिक्की आठवड्यातून एखाद्या दिवशी ठेवावी की नाही, हे समितीने ठरवून वहीत लिहावं.

पॅटिस, खारी, क्रीमरोल हे बेकरीतून सुटे येतात, त्यांना तक्ता नसतो. जानेवारी २०२२ पासून तेल-तुपात आणि ती वापरून केलेल्या पदार्थांतल्या चरबीत ट्रान्स फॅट दोन टक्क्यांच्या वर असता कामा नये, असा नियम आहे. त्यामुळे वनस्पती तुपाची जुनी भीती कमी झाली. पण पदर सुटण्यासाठी घट्ट चरबी लागतेच, आणि ती संपृक्तच असते. लेबल नाही आणि मैद्यात घट्ट चरबी आहे, अशा पदार्थाला सरळ ‘नको’ म्हणणं व्यवहार्य.

कढईतलं तेल

वडा-समोशावर संपूर्ण बंदी घालावी का? घातली तर मुलं फाटकाबाहेरच्या गाडीवर जातात, तिथलं तेल शाळेला दिसतही नाही. त्यापेक्षा दोन दिवस ठेवून तेलावर नियम घालावा.

तेल पुन्हा पुन्हा तापलं की त्याचे तुकडे होतात आणि नवी संयुगं बनतात. त्यांचं एकत्रित प्रमाण ‘टोटल पोलर कंपाउंड्स’ या नावाने मोजतात. १ जुलै २०१८ पासून भारतात हे प्रमाण २५ टक्क्यांच्या वर गेलेलं तेल खाण्यासाठी वापरता येत नाही. ते मोजायची छोटी यंत्रं आणि कागदी पट्ट्या मिळतात. पण डोळ्यांनाही बरंच कळतं. तेल चहासारखं काळपट होतं, कढईच्या कडेला चिकट पिवळट थर धरतं. पदार्थ सोडल्यावर बुडबुडे लगेच विरत नाहीत, वर बारीक फेस साचून राहतो. पूर्वीपेक्षा लवकर, कमी आचेवरच धूर येतो. आणि वडा हातात घेतला की बोटांना तेल राहतं, कारण जुनं, घट्ट झालेलं तेल पदार्थावरून निथळत नाही.

कॅन्टीनमध्ये सहसा अख्खं तेल कधी बदललं जात नाही. जेवढं कमी होतं तेवढं वरून ओततात, जुनं नव्यात मिसळत राहतं. म्हणून नियमात ‘नवं तेल ओतून वापरू नये’ असं वेगळं लिहावं लागतं. उरलेलं तेल मोरीत न टाकता कॅनमध्ये साठवावं. जैवइंधनासाठी ते घेणारे अधिकृत संकलक असतात.

या नियमाचा एक उपयोग लगेच लक्षात येत नाही. तेल रोज काढायचं ठरलं की तळण महाग पडू लागतं. कॅन्टीनचालक स्वतःहून लहान कढई घेतो, तळणाचे दिवस कमी करतो, थालीपीठ किंवा इडलीकडे वळतो. जे आहारशास्त्र सांगून साधत नाही, ते तेलाच्या खर्चाने साधतं.

चिप्स जिंकतात ते वेगामुळे

मुलांना चिप्सच आवडतात, पोहे कोण खाणार, असं म्हणतात. आवडीचा भाग आहेच, पण खिडकीवर काय होतं ते घड्याळ लावून बघावं.

सुटी वीस मिनिटांची. मुलं खाली येईपर्यंत आणि खायला वेळ सोडून विक्रीसाठी हातात बारा मिनिटं, म्हणजे ७२० सेकंद. चिप्सचं पाकीट देऊन पैसे घ्यायला समजा पंधरा सेकंद लागतात. एका खिडकीवर ४८ मुलं, दोन खिडक्यांवर ९६. पोह्यांचं तसं नाही. प्लेट घ्या, पोहे वाढा, वर शेव-कोथिंबीर भुरभुरा, चमचा द्या, पन्नासची नोट घ्या, सुटे शोधा: चाळीस सेकंद. एका खिडकीवर १८, दोन्हींवर मिळून ३६. रांगेतल्या मुलाला मागे बेल वाजल्याचं ऐकू येतं आणि ते पाकीट उचलतं. कॅन्टीनच्या मावशींच्या पातेल्यात पोहे उरतात, आणि दुसऱ्या दिवसापासून पोहे बंद. पाकीट मात्र आज खपलं नाही तर उद्या खपतं, टाकून द्यावं लागत नाही.

कूपन या दोन्ही अडचणी एकदम सोडवतं. दहा कुपनांचं पुस्तक पालकांनी आधीच घ्यायचं. आदल्या दिवशी वर्गप्रमुखाने उद्याची कुपनं गोळा करून कॅन्टीनमध्ये द्यायची. सकाळी मावशींना आकडा माहीत असतो: नव्वद कुपनं. एक किलो जाड्या पोह्यांत मुलांच्या पंधराएक वाट्या होतात, म्हणजे सहा किलो पोहे भिजवायचे. अंदाज चुकून फेकून द्यावं लागत नाही. सुटी व्हायच्या पाच-सात मिनिटं आधी वाट्या भरून ओळीने मांडल्या की मूल येतं, कूपन टाकतं, वाटी उचलतं. आठ सेकंद. म्हणजे एका खिडकीवर ९० मुलं. पोहे चिप्सपेक्षा वेगात निघाले. पैसे आगाऊ मिळाल्यामुळे किराणाही उधारीवर आणावा लागत नाही. ज्यांच्या घरी कुपनाचं पुस्तक घेण्याची ऐपत नसेल, त्यांच्यासाठी पालक-शिक्षक संघाने काही पुस्तकं गुपचूप वर्गशिक्षकांकडे ठेवावीत; मुलांना त्यात फरक दिसता कामा नये.

मेनू आठवड्याचा लावावा. सोमवारी पोहे, मंगळवारी इडली, बुधवारी मटकीची उसळ आणि पोळी, गुरुवारी भाज्या घातलेला उपमा, शुक्रवारी थालीपीठ, शनिवारी उकडलेलं कणीस किंवा अंडं. तळणाचे दोन दिवस यातच बसवता येतात, तळण त्या दिवशीच्या गरम पदार्थाच्या जागी ठेवावं, त्याच्या जोडीला नव्हे. फळ अख्खंच द्यावं: केळं, पेरू, संत्रं, बोरं. चिरलेलं फळ दिसायला छान, पण उघड्यावर, सुरी आणि हात लागलेलं असतं. सुटीपर्यंत फ्रिजबाहेर राहिलं की त्यातून पोट बिघडण्याची शक्यता पाकिटापेक्षा जास्त.

शिजवलेल्या पदार्थाचंही तेच. ताजं म्हणजे आपोआप सुरक्षित, असं नसतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचनेनुसार शिजवलेलं अन्न एकतर ६० अंशांच्या वर गरम किंवा ५ अंशांच्या खाली थंड ठेवावं, मधल्या तापमानात दोन तासांपेक्षा जास्त नको. अकराच्या सुटीसाठी दहाला केलेले पोहे चालतील. दोनच्या सुटीला तेच काढता कामा नयेत, दुसरा घाणा हवा. खोबऱ्याची चटणी तर आधी बिघडते. वर्तमानपत्राच्या कागदात खाऊ बांधायला बंदी आहे, कारण छपाईची शाई गरम, तेलकट पदार्थात उतरते. पत्रावळी किंवा स्टीलची वाटी वापरावी.

तपासायचं काय?

समितीने वहीत चारच गोष्टी लिहाव्यात: नंबर लावलेला आहे का आणि तो चालू आहे का, मोजपट्टीत नापास झालेली पाकिटं दिसली का, तेल कसं होतं, आणि सुटीनंतर कचऱ्याच्या डब्यात काय होतं. शेवटची नोंद सगळ्यांत बोलकी. नियम लागू करण्याच्या आधी एका दिवशी डब्यातली रिकामी पाकिटं मोजून ठेवावीत, मग दर महिन्याला. काउंटर स्वच्छ दिसतो, पण डब्यात तीच पाकिटं, तेवढीच असतील तर दोन शक्यता. एकतर माल काउंटरखालून विकला जातोय, किंवा मुलं फाटकाबाहेरून आणतायत. कॅन्टीनवाल्यावर आरोप करण्याआधी हे वेगळं करावं. सुटीत फाटक बंद असलेल्या एका दिवसाची मोजणी केली की उत्तर मिळतं.

फाटकाबाहेरच्या गाडीवर शाळेचा हात पुरत नाही. ५० मीटरचा नियम तिथेही आहे, पण गाडी हटवायचे अधिकार नगरपालिकेकडे आणि पदार्थ तपासायचे अन्न व औषध प्रशासनाच्या अन्न सुरक्षा अधिकाऱ्याकडे. शाळेने त्यांना लेखी कळवावं, एवढंच शाळेच्या हाती आहे. घरच्या डब्यातलं नूडल्सचं पाकीट आणि वाढदिवसाला वर्गात वाटलेली चॉकलेटं याही गोष्टी या सहा नियमांच्या बाहेर आहेत. त्यांच्यासाठी पालकांना वेगळं पत्र लागेल, आणि ते मुख्याध्यापकांनी लिहायला हवं.

सहाही नियम एकदम मान्य होतील अशी अपेक्षा ठेवू नये. भाड्याचा करार चालू वर्षाचा असतो, संस्थाचालकांना विचारावं लागतं. बैठकीत ‘यातले दोन सांगा’ असं कुणी म्हटलं, तर पेयांचा आणि कुपनांचा घ्यावा. पेयांच्या नियमाला वजनकाटा किंवा चर्चा लागत नाही, फ्रिज उघडला की तो पाळला जातोय की नाही ते दिसतं. कुपनांमुळे कॅन्टीनचालकाला महिन्याभरातच पोह्यांचा नफा मोजून बघता येतो. तो जमला की तेलाबद्दल आणि पाकिटांबद्दल त्याच्याशी पुढचं बोलणं सोपं होतं.